उडी खरंच वाढली का?

जागेवरून मारलेली उभी उडी मोजायला एक भिंत, खडूची पूड आणि मोजपट्टी एवढंच लागतं. भिंतीला कूस लावून उभं राहायचं, भिंतीकडचा हात सरळ वर ताणायचा आणि मधलं बोट जिथे टेकतं तिथे खडूची खूण करायची. मग पाऊल न उचलता गुडघे वाकवायचे, हात मागून पुढे झोकायचे, उडी घ्यायची आणि सर्वांत उंच गेल्यावर त्याच बोटाने दुसरी खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे अनेक वर्षं प्रमुख असलेले डडली सार्जंट यांनी १९२१ साली या चाचणीवर लेख लिहिला, म्हणून तिला आजही सार्जंट जंप म्हणतात. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत ती प्रात्यक्षिक म्हणून शिकवली जाते. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुलं निवडतानाही व्हर्टिकल जंप घेतली जाते.

चाचणी सोपी, आकडा सरळ. अडचण येते ती सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर एखादा विद्यार्थी येऊन विचारतो तेव्हा: "सर, माझी उडी बावन्नवरून पंचावन्न झाली. म्हणजे वाढली ना?" या साध्या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही, हे शिकवण्यासाठी या प्रात्यक्षिकाचा दुसरा अर्धा भाग मैदानावर नाही, तर संगणकाच्या स्प्रेडशीटवर होतो. माझ्या मते खरं प्रात्यक्षिक तेच आहे.

पण शीटवर जाण्याआधी भिंतीपाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे झालेली चूक कुठलंही सूत्र दुरुस्त करत नाही.

पहिली खूण करताना सगळे घाईत असतात. लक्ष उडीकडे असतं, उभ्याने गाठलेल्या उंचीकडे नसतं. त्या उंचीला आपण पोहोच म्हणू. हात वर करून उभ्या असलेल्या मुलाकडे नीट पाहिलं, तर बऱ्याचदा कोपर सरळ असतं, पण खांदा सैल असतो. "अजून वर ताण" म्हटलं की खांदा कानापर्यंत चढतो आणि बोट दोन-तीन सेंटिमीटर वर सरकतं. टाचा मात्र जमिनीवरच राहिल्या पाहिजेत. समजा, एका मुलाने पोहोच आळसात मोजू दिली, २१८ सेंटिमीटर. उडीत मात्र खांदा आपोआप पूर्ण ताणला गेला आणि बोट २७० वर लागलं. नोंद झाली ५२. खरी पोहोच २२१ असेल, तर खरी उडी ४९ आहे. पाय तेच, उडी तीच, तीन सेंटिमीटर फुकट मिळाले. म्हणून चांगला शिक्षक पोहोच दोनदा घ्यायला लावतो आणि खांद्याकडे बघायला एक मुलगा वेगळा उभा करतो.

दुसरी काळजी खूण वाचण्याची. खूण अडीच मीटरच्या वर असते आणि वाचणारा जमिनीवर उभा राहून मान वर करतो. खालून तिरकं पाहिलं की पट्टीवरचा आकडा बदलतो. स्टूल घेऊन डोळे खुणेच्या पातळीत आणावे लागतात. आणि प्रत्येक उडीनंतर भिंत ओल्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर तिसऱ्या उडीची म्हणून दुसऱ्या उडीची खूण वाचली जाते.

आता भिंतीऐवजी मोबाइल वापरण्याची पद्धतही रुळली आहे. तिच्यामागचं गणित सुंदर आहे. माणूस हवेत जितका वेळ असतो, त्यातला अर्धा वेळ वर जाण्यात आणि अर्धा खाली येण्यात जातो. उरलेल्या अर्ध्या वेळात तो किती उंचीवरून पडला, हे गुरुत्वाकर्षणाच्या शाळेतल्या सूत्रावरून निघतं. म्हणजे उंची मोजण्याऐवजी वेळ मोजली तरी चालते. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायचा. पाय जमीन सोडतात ते चित्र कितवं आणि पुन्हा टेकतात ते कितवं, हे दोन आकडे शीटच्या B आणि C या रकान्यांत भरायचे. मग उडी सेंटिमीटरमध्ये अशी मिळते:

```
=9.81*((C2-B2)/240)^2/8*100
```

दोन चित्रांत १४४ चा फरक असेल, तर हवेतला वेळ ०.६ सेकंद आणि उडी ४४.१ सेंटिमीटर. एक चित्र इकडेतिकडे मोजलं गेलं, तर उत्तर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडं वर हलतं. पण कुणी स्लो मोशन न लावता साध्या, सेकंदाला ३० चित्रांच्या व्हिडिओवरून मोजलं, तर एकाच चित्राच्या चुकीने उडीत जवळपास पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. तसा आकडा कशालाच उपयोगी नाही.

या पद्धतीला एक वेगळी फसगत चिकटलेली आहे. सूत्र गृहीत धरतं की माणूस जसा ताठ पायांनी उडाला, तसाच ताठ पायांनी खाली आला. पण हवेतच गुडघे दुमडले, तर पाय जमिनीला उशिरा लागतात. वेळ ०.६० ऐवजी ०.६२ सेकंद भरते आणि ४४.१ ची उडी ४७.१ होते. दोन शतांश सेकंदांचे तीन सेंटिमीटर! ही गोष्ट व्हिडिओत उघड दिसते: टेकण्याच्या क्षणी गुडघे सरळ आणि चवडे आधी टेकलेले असले पाहिजेत. तसं नसेल तर ती उडी बाद करायची.

भिंतीवरचा आकडा आणि मोबाइलचा आकडा एकाच रकान्यात कधी भरू नये. भिंतीवरची पोहोच टाचा टेकवून घेतलेली असते, त्यामुळे टाचा उचलून चवड्यांवर येताना शरीर जितकं वर जातं, तितकं त्या उडीत धरलं जातं. मोबाइल मात्र पाय जमीन सोडल्यापासूनच मोजतो. त्याच माणसाची तीच उडी भिंतीवर कित्येक सेंटिमीटर जास्त भरते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, ते फक्त एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. हात झोकून मारलेली उडी आणि कमरेवर हात ठेवून मारलेली उडी यांचंही तसंच. सुरुवातीला जे ठरलं, ते शेवटपर्यंत तसंच ठेवायचं.

आता शीटकडे येऊ. एका विद्यार्थ्याची एक ओळ आणि एका फेरीचा एक रकाना, ही मांडणी पाळली की बाकीचं सोपं जातं. प्रत्येक फेरीत तीन उड्या, मध्ये साधारण मिनिटभर विश्रांती, आणि तिघींतली सर्वांत चांगली उडी नोंदीत. आकडे भरताना होणाऱ्या दोन चुका जवळजवळ दर वर्षी दिसतात. कुणीतरी सेलमध्ये "48 cm" असं लिहितो. स्प्रेडशीटला तो आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो, आणि सरासरी काढताना ती ओळ गुपचूप वगळली जाते. चूक झाल्याचा कुठलाही इशारा मिळत नाही. ओळखायची खूण एकच: आकडा सेलच्या उजव्या कडेला जाऊन बसतो, मजकूर डाव्या. म्हणून एकक रकान्याच्या शीर्षकात लिहावं, सेलमध्ये फक्त आकडा. दुसरी चूक गैरहजर मुलापुढे शून्य लिहिण्याची. रिकामी सेल सरासरीत धरली जात नाही, शून्य मात्र धरलं जातं आणि वर्गाची सरासरी पाडतं.

उदाहरणासाठी आठ विद्यार्थ्यांची एक शीट घेऊ. आकडे समजावून सांगण्यासाठी मी बसवलेले आहेत, पण अशा प्रात्यक्षिकात येतात तसेच आहेत. पहिली फेरी सोमवारी, दुसरी त्याच आठवड्यात गुरुवारी, मध्ये कसलाही खास व्यायाम नाही. तिसरी फेरी उड्यांच्या व्यायामाचे सहा आठवडे झाल्यावर. सगळ्या उड्या भिंतीवरच्या, सेंटिमीटरमध्ये.

| क्रमांक | सोमवार | गुरुवार | सहा आठवड्यांनंतर |
|---|---|---|---|
| १ | ४८ | ४९ | ५२ |
| २ | ४१ | ४४ | ४७ |
| ३ | ५५ | ५४ | ५५ |
| ४ | ३७ | ३९ | ४४ |
| ५ | ५२ | ५२ | ५५ |
| ६ | ४४ | ४७ | ४८ |
| ७ | ५८ | ५७ | ६० |
| ८ | ३३ | ३४ | ३९ |

शीटमध्ये सोमवार B रकान्यात, गुरुवार C मध्ये, सहा आठवड्यांनंतरचे आकडे D मध्ये. E मध्ये गुरुवारमधून सोमवार वजा करायचा.

सोमवार आणि गुरुवार यांच्यातला फरक आधी पाहू, कारण मुलं हाच रकाना ओलांडून पुढे पळतात. तीन दिवसांत कुणाचे स्नायू बळकट होत नाहीत. तरी वर्गाची सरासरी ४६ वरून ४७ झाली आहे. हा एक सेंटिमीटर सरावाचा आहे: कधी वाकायचं, हात कधी झोकायचा, बोट भिंतीला कधी लावायचं, हे गुरुवारपर्यंत अंगवळणी पडलं. फक्त सोमवारी आणि थेट सहा आठवड्यांनी मोजलं असतं, तर हा सेंटिमीटरही व्यायामाच्या खात्यावर जमा झाला असता.

सरासरी बाजूला ठेवून एकेकाचा फरक पाहिला, तर कुणी ३ ने वर गेलं आहे, कुणी १ ने खाली आलं आहे. ही हालचाल म्हणजे मोजमापातला डळमळीतपणा. त्यात खांद्याचा ताण आहे, खुणेचं वाचन आहे, झोप आणि थकवा आहे, आणि माणूस दोनदा हुबेहूब तशीच उडी मारू शकत नाही हेही आहे. हा डळमळीतपणा एका आकड्यात पकडायला एकच सूत्र पुरतं:

```
=STDEV.S(E2:E9)/SQRT(2)
```

उत्तर येतं १.१३ सेंटिमीटर. आधी सगळे फरक आपापसांत किती पसरले आहेत ते काढलं, म्हणजे त्यांचं प्रमाण विचलन. ते १.६० आहे. मग त्याला दोनच्या वर्गमुळाने भागलं, कारण फरकात सोमवारची आणि गुरुवारची अशा दोन दिवसांची चूक मिसळलेली असते आणि आपल्याला एका दिवसाची हवी असते. क्रीडाविज्ञानात याला टिपिकल एरर म्हणतात. न्यूझीलंडचे विल हॉपकिन्स यांनी अशा हिशेबांच्या तयार स्प्रेडशीट बनवून सर्वांसाठी खुल्या केल्या, त्यामुळे ही कल्पना प्रशिक्षकांपर्यंत पोहोचली.

इथे एक मोहक चूक होते आणि ती शिकलेली माणसंही करतात. चाचणी भरवशाची आहे का, हे पाहण्यासाठी दोन फेऱ्यांमधला सहसंबंध काढतात:

```
=CORREL(B2:B9,C2:C9)
```

आपल्या शीटवर हे ०.९९ येतं. एक म्हणजे पूर्ण जुळणी, म्हणून हा आकडा पाहून जर्नलमध्ये लिहिलं जातं की चाचणी अत्यंत विश्वसनीय आहे. पण ०.९९ चा अर्थ एवढाच की सोमवारी उंच उडणारे गुरुवारीही उंच उडाले आणि कमी उडणारे कमीच उडाले. आपल्या वर्गात ३३ पासून ५८ पर्यंत उड्या आहेत. इतकं अंतर असताना दोन-तीन सेंटिमीटरच्या हालचालीने क्रम फारसा बदलतच नाही, म्हणून सहसंबंध उंच राहतो. हेच आठ जण एका तोडीचे व्हॉलीबॉल खेळाडू असते, सगळ्यांच्या उड्या ५२ ते ५६ च्या आत असत्या आणि डळमळीतपणा तेवढाच राहिला असता, तर सहसंबंध खूप खाली आला असता. निवड करताना, म्हणजे अनेक मुलांतून उंच उडणारी वेगळी काढताना, ०.९९ उपयोगी आहे. एका मुलाची उडी वाढली का, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नाही. ते १.१३ मध्ये आहे.

ते असं काढतात. काहीच खरा बदल झालेला नसताना, नुसत्या डळमळीतपणामुळे दोन फेऱ्यांमध्ये किती फरक पडू शकतो? फरकांच्या प्रमाण विचलनाला १.९६ ने गुणायचं:

```
=1.96*STDEV.S(E2:E9)
```

उत्तर ३.१४. म्हणजे शंभरातल्या साधारण पंचाण्णव वेळा निव्वळ डळमळीतपणाचा फरक ३.१ सेंटिमीटरच्या आत राहील. त्यापलीकडे गेलेला फरक खरा मानायला जागा आहे, आतला असेल तर सांगता येत नाही. आठ जणांवरून काढलेली ही रेघ स्वतःही ढोबळच आहे. वीस-पंचवीस जण असतील तर ती जास्त भरवशाची होते.

आता तिसरा रकाना. गुरुवारपासूनची वाढ अनुक्रमे ३, ३, १, ५, ३, १, ३, ५. सरासरी बरोबर ३ सेंटिमीटर. वर्ग म्हणून उडी वाढली का, हे तपासायला टी चाचणी घेतात:

```
=T.TEST(C2:C9,D2:D9,2,1)
```

उत्तर ०.००१ पेक्षाही लहान येतं. म्हणजे खरी वाढ शून्य असती, तर आठ जणांच्या फरकांची सरासरी योगायोगाने इतकी दूर जाण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. सूत्रातला शेवटचा 1 फार महत्त्वाचा आहे. तो सांगतो की C आणि D मधले आकडे त्याच मुलांचे, जोडीजोडीने आहेत. तिथे 3 लिहिलं तर स्प्रेडशीट समजते की आठ मुलं एका गटातली आणि दुसरी आठ वेगळ्याच गटातली. मग मुलामुलांतला ३४ ते ६० चा सगळा पसारा हिशेबात येतो, त्यात तीन सेंटिमीटर बुडून जातात, आणि उत्तर ०.४ च्या पुढे येतं: वाढ झाल्याचा पुरावा नाही. आकडे तेच, एका अंकाने निष्कर्ष उलटा. शीटवर कुठलीही सूचना येत नाही, कारण दोन्ही सूत्रं तिच्या दृष्टीने शुद्ध आहेत. एखादा रकाना एकट्याने चढत्या क्रमाने लावला तरी असंच होतं. जोड्या तुटतात, चौथ्याची उडी दुसऱ्याच्या नावावर जाते. क्रम लावायचाच असेल तर पूर्ण तक्ता निवडून लावावा.

तर वर्गाची उडी वाढली, हे खात्रीने म्हणता येतं. ती व्यायामामुळेच वाढली, असं म्हणायला मात्र व्यायाम न केलेल्या मुलांचा दुसरा गट हवा होता. त्या सहा आठवड्यांत ती मुलं वयानेही वाढली, कदाचित स्पर्धाही खेळली.

आणि एकेकाचं काय? ३.१ ची रेघ ओलांडणारे दोघेच आहेत, चौथा आणि आठवा. बाकीचे सहा जण रेघेच्या आत आहेत, अगदी तीन सेंटिमीटरने वर गेलेले चौघेसुद्धा. नवख्यांना हे पटत नाही: वर्ग नक्की वाढला, मग वर्गातली सहा मुलं वाढली की नाही हे सांगता येत नाही, असं कसं? सरासरी काढताना एकाची वरची चूक दुसऱ्याच्या खालच्या चुकीला खोडते, म्हणून आठ जणांची सरासरी एकट्याच्या आकड्यापेक्षा खूप स्थिर असते. एकट्या मुलापाशी चूक खोडायला दुसरं कुणी नसतं. म्हणून प्रशिक्षकाने सरासरीचं यश एकेकाच्या प्रगतिपुस्तकात लिहू नये. आणि तिसऱ्या किंवा सहाव्या क्रमांकाच्या मुलाला "तुझ्यावर व्यायामाचा परिणाम झाला नाही" असंही सांगू नये. तेवढंच अन्यायाचं आहे ते. त्यांच्याबाबत पुरावा अपुरा आहे, एवढंच खरं.

पुरावा वाढवता येतो आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. आधी एक फेरी निव्वळ सरावाची घ्यायची आणि तिचे आकडे मोजायचेच नाहीत. मग आधीच्या दोन फेऱ्या आणि नंतरच्या दोन फेऱ्या घेऊन त्यांच्या सरासऱ्यांतला फरक पाहायचा. दोन फेऱ्यांच्या सरासरीत चूक अंशतः खोडली जाते, त्यामुळे रेघ ३.१ वरून २.२ सेंटिमीटरवर उतरते. तेवढ्याने बऱ्याच जणांची उत्तरं मिळतात.

बावन्नवरून पंचावन्नवर गेलेला तो विद्यार्थी आपल्या शीटमधला पाचवा. त्याच्या सोमवारच्या आणि गुरुवारच्या दोन्ही उड्या ५२ होत्या, म्हणजे सरावाचा सेंटिमीटर त्याच्या आकड्यांत दिसत नाही आणि आधीची सरासरी ५२ धरता येते. त्याला सांगायचं, दोन दिवस विश्रांती घे आणि त्याच वेळेला, तेच बूट घालून पुन्हा ये. पोहोचही नव्याने घ्यायची, खांदा पूर्ण ताणून. या वेळी ५४ किंवा त्याहून जास्त भरली, तर नंतरची सरासरी किमान ५४.५ होते, फरक अडीच सेंटिमीटरचा, रेघेच्या पलीकडचा. मग त्याला 'हो, वाढली' असं सांगता येईल.